मास्तरांचं म्हणणं असं

मास्तरांचा आवाज गेला तो एकदाचाच गेला. घशातली गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. गळ्याच्या खळगीत श्वासापुरतं एक भोक राहिलं, आणि ज्या माणसाच्या एका हाकेनं शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस सावरून बसायचा, त्याला पाणी हवं झालं तर पेल्यावर चमचा वाजवायची पाळी आली. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. मास्तरांनी ते एकदाच लावून बघितलं. 'डब्यात अडकलेली माशी' असं पाटीवर लिहिलं आणि यंत्र कपाटाच्या खालच्या खणात टाकून दिलं.

लोकांना वाटलं, आता मास्तरांचं नाटक आटोपलं. पण वर्ष उलटायच्या आत त्यांनी आपल्या जुन्या मंडळींना निरोप धाडला, की तालमी सुरू करतोय. मी पाटीवर लिहीन, लेक वाचून दाखवील.

लेकीला कोणी विचारलं नव्हतं. आई गेल्यापासून ती आणि मास्तर दोघंच त्या घरात राहायचे. ती एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात होती. लोक चिडून पत्रं लिहायचे, आणि त्यांना उत्तरं लिहिणं हे तिचं काम. 'तुमचा दावा नामंजूर' असं तिथे लिहायचं नसतं. 'आपल्या दाव्याचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला, तथापि' असं लिहायचं असतं. मग त्या 'तथापि'च्या पुढे माणसाचं घर बसलं तरी हरकत नसते. दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी ती तालमीला जाऊ लागली.

तालीम पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गोदामावरच्या मजल्यावर व्हायची. जिन्यातच खळीचा वास नाकात बसायचा. फरशीवर खडूनं भिंती आणि दारं आखलेली, दोन खुर्च्या जोडून कोच केलेला. नाटक एका निवृत्त न्यायाधीशाचं आणि त्याच्या पुतणीचं होतं. न्यायाधीश होते नाना. मास्तरांच्या पहिल्या नाटकापासूनचे सोबती, दोघांच्याही डोक्यावर काळे केस होते तेव्हापासूनचे. पुतणी होती बँकेत काम करणारी एक मुलगी. तिला सगळे 'बँकवाली'च म्हणायचे. आणि कोपऱ्यात संहिता मांडीवर घेऊन बुवा बसायचे, कोणाचं वाक्य अडलं की हळूच पुरवायला.

पहिल्याच संध्याकाळी बँकवालीचा रडण्याचा प्रवेश होता. ती रडत असताना मास्तरांनी काठी आपटली. सगळे थांबले. मास्तरांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पाटी लेकीकडे फिरवली.

'लाकूड. रडते आहे का शिंकते आहे?'

लेकीनं वाचायला तोंड उघडलं आणि समोर पाहिलं. बँकवालीची हनुवटी आधीच थरथरायला लागली होती. मास्तरांची पाटी म्हणजे काय असणार, हे ती न वाचताच ओळखून होती. लेक क्षणभर घुटमळली. 'लाकूड' म्हणजे काय, हे तिनं मनाशी उलगडून पाहिलं. अंग ताठ आहे. आणि 'शिंकते' का म्हणाले? मगाशी तिलाही तसंच वाटलं होतं खरं. हुंदका पोटातून न येता नाकातून येत होता.

"मास्तरांचं म्हणणं असं," ती म्हणाली, "की रडू अजून अंगात उतरत नाहीये. खांदे ताठ राहताहेत, त्यामुळे हुंदका नाकातून येतोय. आधी खांदे सोडून बघ."

बँकवालीनं खांदे सोडले. पुन्हा प्रवेश झाला. फार मोठं काही घडलं असं नाही, पण मध्येच कुठेतरी तिचा आवाज फाटला आणि नानांनी आपसूक तिच्या डोक्यावर हात ठेवला, जो त्यांना सांगितलेला नव्हता. मास्तरांनी आपटायला उचललेली काठी हळूच खाली ठेवली.

मग रोजचंच झालं. पाटी यायची, लेक ती डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं दुसऱ्या शब्दांत बोलायची, पण दुसरं काही सांगायची नाही. ह्यात एक कसब होतं आणि ते तिला हळूहळू सापडत गेलं. 'तुला येत नाही'मध्ये एक 'अजून' घातला, की त्याच वाक्याला पुढे वाट फुटते. 'तू चुकलास' म्हटलं की माणूस अंगावर येतो, 'वाक्य निसटलं' म्हटलं की तो वाक्याच्या मागे जातो. 'बोंबलू नकोस'चं 'एवढा आवाज लागणार नाही इथे' होतं. मात्र 'जरा' आणि 'थोडंसं' हे शब्द जपून वापरावे लागतात, हेही तिच्या ध्यानात आलं. एका वाक्यात दोनदा 'जरा' आला, की समोरचा मान डोलावतो आणि काहीच बदलत नाही.

एकदा शेजाऱ्याचं छोटं काम करणाऱ्या मुलाच्या प्रवेशावर मास्तरांनी नुसतं 'भिकार' लिहिलं. तिनं पुष्कळ खटपट केली, पण त्या शब्दाला मऊ करायला आत काही सापडेना. शेवटी ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, भिकार म्हणजे नेमकं काय?" मास्तर भडकले. मग त्यांना चार ओळी लिहाव्या लागल्या. तो दार उघडून आत येतो तेव्हा त्याला बाहेर काय झालं ते आठवत नाही. बाहेर भांडण झालंय, हा बागेत फिरून आल्यासारखा येतो. तिनं ते जवळजवळ तसंच्या तसं वाचलं.

मंडळींत कुजबुज सुरू झाली. मास्तर निवळले म्हणे. आजारपण माणसाला शिकवतं. "पूर्वी एवढं समजावून सांगायचे नाहीत हो," असं बँकवाली चहा पिताना म्हणाली. मास्तरांच्या कानांना काही झालं नव्हतं. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा काळवंडला.

त्या दिवशी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारून पाटी ओढली.

'मी असं बोललो नव्हतो.'

"अर्थ तोच होता, बाबा."

'अर्थ आता तुझ्या ताब्यात. माझा आवाज गेला, आता शब्दही तूच घे.'

ती पोळीचा तुकडा मोडत राहिली. लहानपणी शाळेच्या नाटकात ती एकदा उभी राहिली होती. बाबा पहिल्या रांगेत होते. पडदा पडल्यावर आईनं विचारलं, कशी केली हिनं? बाबा म्हणाले होते, "तोंडावर काही येतच नाही हिच्या, धुतलेली ताटली." ती शेजारीच उभी होती. पुन्हा ती रंगमंचावर गेली नाही, आणि ती का जात नाही हे बाबांनी कधी विचारलं नाही.

नानांचं मात्र बिघडत चाललं होतं.

दुसऱ्या अंकात न्यायाधीशाचं एक लांबलचक स्वगत होतं. नाना ते सुरू करायचे आणि मध्येच पहिल्या अंकात शिरायचे. बुवा वाक्य पुरवायचे. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं, मग इतक्या मोठ्यानं की खाली गोदामातल्या माणसांनाही ते पाठ व्हावं. बँकवाली हुशारीनं प्रश्न विचारून नानांना रुळावर आणायची. नाना हसून वेळ मारून न्यायचे. "वय झालं पोरी, वाक्यंसुद्धा निवृत्त व्हायला लागली." सगळे हसायचे.

एका संध्याकाळी नाना स्वगताच्या ऐन मध्यावर थांबले. बँकवालीकडे बघत राहिले, आणि अगदी नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "हे कुठलं नाटक?"

मंडळींना वाटलं, थट्टा. हशा झाला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी छातीशी अशी धरली, की एकट्या लेकीला दिसावी.

'नाना संपला. काढ. आज सांग.'

तालीम सुटल्यावर तिनं नानांना जिन्याच्या तोंडाशी गाठलं. एका हातानं कठडा धरून ते पायांत बूट सरकवत होते. ह्याच नानांनी तिला खांद्यावर बसवून मिरवलं होतं, शाळेच्या नाटकानंतर सगळ्यांच्या देखत टाळ्या वाजवणारे तेवढे एकटेच होते. 'संपला' हा शब्द तोंडात घेणं शक्यच नव्हतं. मग दिवसभर कचेरीत ती जे करायची तेच तिनं केलं.

"नाना, मास्तरांचं म्हणणं असं, की तुमची फार ओढाताण होतेय. तर तूर्तास थोडी विश्रांती घ्यावी. पुढचं पुढे बघू."

नाना सरळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद दिसला.

"ओढाताण होतेय खरी. बरं झालं, मास्तराच्याच लक्षात आलं. मी कसं सांगणार? आठवडाभर देतो डोक्याला आराम आणि येतो ताजातवाना होऊन."

इथे तिनं त्यांना थांबवायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण नाना हसत होते.

"सावकाश उतरा, नाना," ती म्हणाली.

मास्तरांनी भुवया उंचावून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "हो, सांगितलं."

नानांच्या जागी मास्तरांनी रेडिओवर निवेदन करणाऱ्या एका गृहस्थांना आणलं. आवाज भरदार, पाठांतर चोख. आठवडाभरात त्यांचे दोन अंक बसले. तिसऱ्या अंकाची तालीम लागायची होती त्या संध्याकाळी ते दुसऱ्या अंकातलं स्वगत म्हणत होते, आणि दारातून आणखी एक आवाज त्यांच्यात मिसळला. तेच स्वगत, शब्द न् शब्द, पण सावकाश, आणि मधल्या थांब्यांसकट.

सगळ्यांनी वळून बघितलं. दारात नाना उभे होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात न्यायाधीशासाठी कुठूनशी मिळवलेली चांदीच्या मुठीची काठी. आठवडाभर त्यांनी दुसरं काही केलेलं नसावं. निवेदक केव्हाच गप्प झाले होते. नाना मात्र डोळे मिटून शेवटच्या ओळीपर्यंत गेले, एकदाही न अडखळता. मग त्यांनी डोळे उघडले, आणि आपल्या खुर्चीवर बसलेला माणूस त्यांना दिसला.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

निवेदक बिचारे अर्धवट उठले, पुन्हा बसले.

"मला विश्रांती दिली होती ना?" नाना लेकीकडे बघून म्हणाले. त्या बघण्यात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. मग हळूहळू कळलं. ते सगळ्यांसमोर कळलं, आणि ते चेहऱ्यावर उमटताना सगळ्यांनी पाहिलं. "असं होय," ते म्हणाले. "म्हणजे विश्रांती म्हणजे ती विश्रांती." त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि ते जिना उतरू लागले. बुवा संहिता तशीच टाकून त्यांच्यामागे धावले.

घरी आल्यावर मास्तरांनी दिवासुद्धा लावू दिला नाही, आधी पाटी घेतली. खिडकीच्या उजेडात तिला वाचावं लागलं.

'शब्द नाही बदललास. अर्थ खाल्लास.'

तिनं मान खाली घातली. मास्तरांनी पाटी पुसली आणि आणखी एकच शब्द लिहिला. 'भित्री.'

ते खरं होतं. आणि खरं असल्यामुळेच तिला असा काही राग आला, की तो दुसऱ्या दिवशी कचेरीतही उतरला नाही. संध्याकाळी तालमीला ती गेली, मास्तरांच्या शेजारी बसली, आणि पाटी आली तशी वाचायला लागली. 'मास्तरांचं म्हणणं असं' नाही, समजावणं नाही. शब्दाला शब्द, सपाट आवाजात, जसा कोणी दारावरच्या पाटीवरचा पत्ता वाचावा.

"भाषण नाही, बातम्या वाचतोय. मेलेला माणूस ह्याहून जिवंत असतो."

निवेदकांनी मान वळवून मास्तरांकडे बघितलं. मास्तरही लेकीकडे बघत होते.

"परत लाकूड," ती वाचत होती. "हिला बँकेतच बसू दे. काउंटरच्या मागे चेहरा लागत नाही."

बँकवाली जागच्या जागी उभी राहिली. मग खडूची भिंत ओलांडून ती सरळ आपल्या पिशवीकडे गेली, पिशवी उचलली आणि निघून गेली. त्या बाजूला नाटकात दारच नव्हतं. कोणी हाक मारली नाही. मास्तरांच्या हातातला खडू तसाच पाटीवर टेकलेला होता, पण पुढे अक्षर उमटत नव्हतं.

तालीम मोडली. लेक खुर्च्या भिंतीला लावत होती तेव्हा बुवा जवळ आले. नानांना आदल्या संध्याकाळी घरापर्यंत सोडून आल्यापासून ते तिच्याशी धड बोलले नव्हते.

"ताई, एक सांगू?"

"सांगा बुवा. तुम्हीही सांगा."

"तसं नाही गं. आज वाचलंस ना, ते सगळे शब्द मास्तरांचेच. मी ते जन्मभर ऐकले. मला स्वतःला त्यांनी किती वेळा 'गाढवा' म्हटलं असेल. पण ते म्हणताना त्यांचा हात माझ्या पाठीवर असायचा. 'गाढवा'मधला तो 'वा' असा काही लांबवायचे, की ऐकणारा आधी हसायचा आणि मग शरमायचा. शब्द एकटा कधी आलाच नाही, आवाज त्याला घेऊन यायचा. आता पाटीवर येतो तो नुसता शब्द. उघडा. तू त्याला काहीतरी पांघरून आणत होतीस, आम्हांला वाटायचं, आवाज परत आला."

लेक खुर्ची धरून उभी राहिली. घरी तो हात नसायचा, हे तिच्या मनात आलं.

मास्तरांनी हे ऐकलं का नाही कोण जाणे. सकाळी तिचा चहा व्हायच्या आत ते स्वयंपाकघरात येऊन बसले. गळ्यातल्या भोकावरचं फडकं त्यांनी नीट केलं आणि पाटी तिच्यापुढे सरकवली.

'काल ऐकलं. मी असा बोलायचो?'

खोटं बोलता आलं असतं. तिनं बुवांचंच उत्तर दिलं. "शब्द हेच असायचे. पण आवाज वेगळा होता. लोकांना त्यात माया ऐकू यायची."

खडू काही वेळ हवेतच राहिला. मग त्यांनी लिहिलं, 'घरी?'

तिनं गॅस बंद केला. "घरी आवाजही कालच्यासारखाच असायचा, बाबा."

हे किती सौम्य होतं आणि किती कठोर, ते तिचं तिलाच कळलं नाही. मास्तर पाटी पुसत बसले. अक्षरं केव्हाच गेली होती, तरी ते पुसत होते. शेवटी त्यांनी लिहिलं, 'नानाकडे जाऊ. तू सांग. नीट.'

त्या रविवारी दोघं बसनं निघाले. बसमध्ये मास्तर खिडकीबाहेर बघत होते आणि ती वाक्य जुळवत होती. आयुष्यात कुठल्याही पत्रावर तिनं एवढे कष्ट घेतले नव्हते. काय राहायलाच हवं, ते आधी तिनं ठरवलं. काम गेलं आहे, हे राहायला हवं. का गेलं, हे राहायला हवं. कोणी काढलं, हे लपवायचं नाही. नाहीतर पुन्हा कचेरीतलं पत्र होईल, ज्यात निर्णय आपोआप झालेले असतात. जायला हवा होता तो एकच शब्द, 'संपला'. आणि तो काढून टाकताना तिला त्याची खोट दिसली. आटोपलं होतं ते काम, आणि तो शब्द बसत होता माणसावर.

सगळ्यांत अवघड होतं ते शेवटचं वाक्य. ते गाळलं तर बाकी सगळं पुन्हा विश्रांतीच झालं असतं. 'तालमीला यायचं नाही' म्हणजे हुकूम. 'यायची गरज नाही' म्हणजे उपकार, आणि तेही खोटे. 'यायला लागणार नाही'मध्ये तर जणू नानांना यायचाच कंटाळा होता. उतरायचा थांबा आला तेव्हा कुठे तिला सापडलं.

दार काकूंनी उघडलं. नानांची बायको, लहानखुरी, नेहमी घाईत असलेली बाई. त्यांनी दोघांकडे बघितलं आणि त्या बाजूला झाल्या. नाना खिडकीपाशी बसले होते. मांडीवर संहिता होती.

"ये मास्तर," ते म्हणाले. "बस. तू पण बस, पोरी."

मास्तर बसले. लेक बसली नाही. तिला भीती होती, की बसली तर आवाज बसेल.

"नाना, त्या दिवशी जिन्यात मी तुम्हांला नीट सांगितलं नाही. तो दोष माझा. आता सांगते. न्यायाधीशाचं काम आता तुमच्याकडे नाही. वाक्यं तुमच्या लक्षात राहत नाहीयेत, आणि ते मेहनत घेऊन सुधारण्यातलं दिसत नाही. मेहनत तुम्ही कोणाहूनही जास्त घेतलीत. समोरच्यांना आधार राहत नाही, म्हणून मास्तरांनी दुसऱ्यांना घेतलं. आता तालमीला जायचं उरलेलं नाही."

काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"परवा तर बिनचूक म्हटलं मी," नाना म्हणाले.

"हो. बिनचूक म्हटलंत. आणि त्याच्या आदल्या खेपेला हे कुठलं नाटक असं विचारलंत."

"मी?" त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी नजर खाली वळवली. त्यांनाही घरात काही काही दिसत असावं. नाना मग मास्तरांकडे वळले. "असंच म्हणायचंय ना तुला? का ही आपल्या मनचं सांगतेय?"

मास्तरांनी मान हलवली. असंच. मग त्यांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ओठ हलले, नानांचं नाव ओठांवर दिसलंसुद्धा, पण आवाजाऐवजी गळ्यावरचं फडकं तेवढं फुगलं आणि पुन्हा बसलं.

नानांनी ते पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले. "समजलं." थोड्या वेळानं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तू आरडाओरडा केला असतास, तर मीही दोन शिव्या घातल्या असत्या. भांडून बाहेर पडलो असतो. हिनं असं सांगितलं की भांडायला जागाच ठेवली नाही." त्यांनी संहिता मिटली आणि लेकीच्या हातात दिली. "छान बोललीस पोरी. पण ऐकायला फार जड गेलं."

चहा कोणी घेतला नाही.

बँकवालीला परत आणायला लेक स्वतः बँकेत गेली, आणि काचेच्या ह्या बाजूला रांगेत उभी राहून तिची माफी मागितली. ती परत आली. पाटी पुन्हा पूर्वीसारखी वाचली जाऊ लागली. फरक एवढाच, की मास्तर आता लिहिलेलं कधी कधी स्वतःच पुसायचे आणि दुसरं लिहायचे. पण ते चांगलं होत होतं असं नाही. मऊ लिहायला गेले की त्यांचं म्हणणं पांगायचं, आणि लेकीला ते पुन्हा गोळा करावं लागायचं. त्यांची धार त्यांच्या कठोर शब्दांतच होती.

प्रयोग झाला. बरा झाला, बरा म्हणावा इतकाच. निवेदकांना टाळ्या पडल्या. स्वगतात ते कुठेही अडले नाहीत आणि कुठेही थांबले नाहीत. मास्तर विंगेत स्टुलावर बसून होते. पडदा पडल्यावर मंडळी पाया पडायला आली तेव्हा त्यांनी पाटी उलटी धरली होती, लिहिलेलं कोणाला दिसू नये म्हणून. नानांना बोलावणं गेलं होतं. ते आले नाहीत.

त्यानंतर काही आठवड्यांनी, कचेरी सुटायच्या सुमाराला लेकीला काकूंचा फोन आला.

"कामात नाहीस ना? एक विचारायचं होतं." काकू दबक्या आवाजात बोलत होत्या. "हे रोज संध्याकाळी कपडे करून दाराशी उभे राहतात गं. तालमीला उशीर होतोय म्हणतात. मी म्हणते, अहो, तुम्हांला नाटकातून काढलंय. तर काल फुलदाणी फेकली. आमचा मुलगा म्हणतो, उद्या आहे म्हणून सांग. तसंही केलं. तर त्या उद्यासाठी बसून घोकतात, आणि आठवत नाही म्हणून रडतात. त्या दिवशी तू जे सांगितलंस ना, तेव्हा नाही चिडले. मला ते शब्द सांगशील? मला काही तुझ्यासारखं जुळवता येत नाही."

लेकीनं टेबलावरची पत्रं बाजूला केली. सगळं वाक्य नको, आता एवढं त्यांना पेलणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. त्यातलं जेवढं रोज सांगता येईल तेवढंच तिनं निवडलं.

"असं म्हणा काकू. तुम्ही पुष्कळ मेहनत घेतलीत. ते काम आता दुसऱ्यांकडे आहे. आता तालमीला जायचं उरलेलं नाही."

"मेहनत घेतलीत," काकू पुटपुटल्या. "काम दुसऱ्यांकडे आहे. आता तालमीला जायचं संपलं."

"संपलं नको, काकू. उरलेलं नाही."

"त्यात फरक काय गं?"

तिला सांगता आलं असतं, बसमध्ये तिनं ह्यावर किती विचार केला होता. पण फोनमध्ये काकूंचा श्वास ऐकू येत होता. "फार नाही," ती म्हणाली. "पण तो शब्द नका घेऊ."

तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला, खणखणीत, रंगमंचावरचा. "कोणाचा फोन? मास्तराचा? सांग त्याला, निघालोच!"

काकूंनी फोन बंद न करता खाली ठेवला असावा. पावलं लांब गेली. मग काकूंचं बोलणं अस्पष्ट ऐकू आलं, शब्द शब्द जपून टाकलेलं, शाळेतली मुलं पाठ म्हणतात तसं. लेक फोन कानाला लावून बसून राहिली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नाना बसले असावेत. फुटलं-तुटलं काही नाही. काकू फोनकडे परत आल्या नाहीत, आणि लेकीला तो आपण होऊन ठेववेना. समोर कचेरीतले दिवे एकेक करून मालवत होते, आणि उद्या ह्याच वेळेला काकूंना हेच पहिल्यापासून म्हणायचं होतं.